लिमिट ऑर्डर रांगेत उभी असते. आइसबर्ग, ट्रेलिंग स्टॉप आणि ब्रॅकेट कुठे असतात?

प्रश्न : मी गेली तीन वर्षे साध्या लिमिट ऑर्डरनेच शेअरची खरेदी-विक्री करतो. ब्रोकरच्या ॲपमध्ये आता आइसबर्ग, ट्रेलिंग स्टॉप आणि ब्रॅकेट असे पर्याय दिसतात. तिन्हींमध्ये भाव तर मीच ठरवून देतो. मग लिमिट ऑर्डरपेक्षा या नेमक्या कुठे वेगळ्या वागतात?

उत्तर :

फरक भावात फारसा नाही. तुमची ऑर्डर या क्षणी कोणाच्या संगणकावर आहे, इतरांना ती दिसते का आणि रांगेत तिला जागा केव्हा मिळते, या तीन गोष्टींमध्ये तो आहे. म्हणून आधी साधी लिमिट ऑर्डर कुठे असते ते पाहू.

तुम्ही ४१२.५० रुपये भावाने १०,००० शेअर विक्रीची लिमिट ऑर्डर टाकली की ती ब्रोकरच्या तपासणीतून पार होऊन थेट एक्स्चेंजच्या ऑर्डर बुकात जाते. राष्ट्रीय शेअर बाजारात सौदे आधी भावाच्या आणि भाव सारखा असल्यास वेळेच्या क्रमाने जुळवले जातात. त्यामुळे ४१२.५० या भावाला तुमच्या आधी आलेले सगळे विक्रेते तुमच्या पुढे आणि नंतर आलेले मागे, अशी रांग लागते. तुमची ऑर्डर तिथे पूर्ण संख्येसह, सगळ्यांना दिसेल अशी उभी असते. ॲप बंद केले, फोनची बॅटरी संपली किंवा ब्रोकरशी असलेला संपर्क तुटला, तरी रांगेतली जागा जात नाही. ऑर्डरची संख्या कमी केली तरी जागा टिकते. भाव बदलला किंवा संख्या वाढवली तर मात्र रांगेच्या शेवटी जावे लागते. इतर तीन प्रकारांत यांतले काहीतरी सुटते.

आइसबर्ग ही लिमिट ऑर्डरच्या सर्वात जवळची ऑर्डर आहे. तिच्यात भावाची हमी तशीच राहते, फक्त संख्या लपते. मात्र आपल्याकडे या एकाच कल्पनेची दोन रूपे चालतात आणि त्यांत बरीच गल्लत होते. पहिले रूप एक्स्चेंजचे आहे. ऑर्डर टाकण्याच्या चौकटीत `Disclosed Qty` असा रकाना असतो. त्यात भरलेली संख्या तेवढी बाजाराला दिसते आणि उरलेली एक्स्चेंजकडेच, पण झाकलेली राहते. कॅश विभागात ही दाखवलेली संख्या एकूण ऑर्डरच्या किमान १० टक्के असावी लागते. दुसरे रूप ब्रोकरचे आहे. त्यात ब्रोकरचा सर्व्हर तुमच्या १०,००० शेअरचे समजा दहा तुकडे करतो, पहिला तुकडा एक्स्चेंजला पाठवतो आणि तो पूर्ण भरल्याची खबर आली की मगच दुसरा पाठवतो. बहुतेक ॲपवर ‘आइसबर्ग’ या नावाने मिळते ते हे दुसरे रूप असते.

लपण्याची किंमत रांगेत मोजावी लागते. ४१२.५० ला तुमच्या पुढे १,८०० शेअरची विक्री उभी आहे आणि तुमच्यामागे दुसऱ्या एका विक्रेत्याने त्याच भावाला २,५०० शेअर लावले आहेत, असे समजा. आता ४१२.५० पर्यंत द्यायला तयार असलेला ६,००० शेअरचा एक खरेदीदार आला. तुमची साधी लिमिट ऑर्डर असती तर पुढचे १,८०० संपल्यावर उरलेले सगळे ४,२०० तुमचे विकले गेले असते आणि मागच्याला काहीच मिळाले नसते. तुम्ही दाखवलेली संख्या १,००० ठेवली असेल तर गणित बदलते. आधीचे १,८०० गेले, मग तुमचे दिसणारे १,००० गेले. तुमचा पुढचा हजाराचा हप्ता बुकात उघडला, पण नव्या वेळेच्या शिक्क्यासह, म्हणजे त्या २,५०० च्या मागे. ते २,५०० गेले आणि उरलेले ७०० तुमच्या दुसऱ्या हप्त्यातून भरले गेले. तुमची विक्री झाली १,७०० ची. भाव तोच आणि खरेदीदारही तोच, तरी ४,२०० ऐवजी १,७००.

ब्रोकरच्या रूपात आणखी एक झोल पडतो. तुमचा पहिला तुकडा भरला त्या क्षणी दुसरा एक्स्चेंजमध्ये नसतोच. तो खबर येऊन पुन्हा पाठवला जाईपर्यंत मधे थोडा वेळ जातो. खरेदीदाराची मर्यादा ४१२.६० असेल, तर उरलेले ७०० शेअर तो तेवढ्यात ४१२.५५ ला दुसऱ्या कोणाकडून घेऊन मोकळा होतो. शिवाय प्रत्येक तुकडा ही स्वतंत्र ऑर्डर असते. जिथे दर ऑर्डरमागे ठरावीक दलाली आकारली जाते, तिथे दहा तुकड्यांना दहा वेळा दलाली लागू शकते. नेमका नियम आपल्या ब्रोकरकडे विचारून घ्यावा. लपणेही पुरते होत नाही. एकाच भावाला दर वेळी बरोबर १,००० ची विक्री संपते आणि लगेच पुन्हा १,००० उभी राहते, हे बुकावर नजर ठेवणाऱ्या कोणालाही दोन-तीन फेऱ्यांत कळते.

तरीही ती वापरावी अशी परिस्थिती असते. ज्या शेअरच्या बुकात पहिल्या पाच भावांवर मिळून दोन-तीन हजारांचीच उलाढाल दिसते, तिथे १०,००० ची उघडी विक्री पाहून खरेदीदार हात आखडतात आणि इतर विक्रेते तुमच्याखाली भाव लावतात. अशा वेळी रांगेतली जागा गमावणे स्वस्त पडते. बुकात हजारोंची गर्दी असेल आणि तुम्हाला दोनशे शेअर विकायचे असतील, तर आइसबर्गने जागा तेवढी जाते. लपवण्यासारखे काही नसते.

ट्रेलिंग स्टॉपची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक नुकसान तिच्या गैरसमजातून होते. म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

विक्रीची लिमिट ऑर्डर म्हणजे ‘या भावाला किंवा याहून चांगल्या भावाला विका’. त्यामुळे ती चालू भावाच्या वरच थांबू शकते. शेअर ५०० ला चालू असताना ४९४ ची विक्रीची लिमिट टाकली, तर ती थांबणार नाही. ५०० च्या आसपास जो खरेदीदार असेल त्याच्याशी तिथल्या तिथे सौदा होईल, कारण ५०० हा ४९४ पेक्षा चांगलाच भाव आहे. ‘भाव ४९४ पर्यंत घसरला तरच विका’ हे लिमिट ऑर्डरला सांगताच येत नाही. त्यासाठी ट्रिगर लागतो. स्टॉप-लॉस ऑर्डर एक्स्चेंजकडे पोहोचते, पण ती नेहमीच्या बुकात न जाता वेगळ्या स्टॉप-लॉस बुकात पडून राहते. तिथे ती बाजाराला दिसत नाही आणि रांगेत तिला जागाही नसते. शेवटचा सौदा ट्रिगरच्या भावाला किंवा त्याखाली झाला की ती उठून नेहमीच्या बुकात येते आणि तेव्हापासून साध्या लिमिट ऑर्डरसारखी वागते. ॲपच्या ऑर्डर यादीत हे स्पष्ट दिसते : आधी `TRIGGER PENDING` आणि ट्रिगर झाल्यावर `OPEN`.

ट्रेलिंग म्हणजे हा ट्रिगर भावामागून वर ओढत नेणे. आपल्या एक्स्चेंजच्या बुकात ‘ट्रेलिंग’ असा ऑर्डर-प्रकार नाही. ओढण्याचे काम ब्रोकरचा सर्व्हर करतो, म्हणजे भाव ठरलेल्या टप्प्याने वाढला की तो तुमच्या स्टॉप-लॉस ऑर्डरमध्ये बदल करून ती पुन्हा पाठवतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. तुम्ही ४०० शेअर ५०० ला घेतले. स्टॉपचा ट्रिगर ६ रुपये खाली, म्हणजे ४९४; ट्रिगर झाल्यावर विकायची मर्यादा त्याच्या १ रुपया खाली, म्हणजे ४९३; आणि भाव पूर्ण १ रुपया वाढला की स्टॉपही १ रुपया वर, असा टप्पा ठेवला. भाव ५०३.४० ला गेला : पूर्ण तीन टप्पे झाले, ट्रिगर ४९७. भाव ५०९.८० ला गेला : नऊ टप्पे, ट्रिगर ५०३, मर्यादा ५०२. इथून भाव उलटला आणि ५०३.१० वर आला. ट्रिगर जागचा हलला नाही, कारण तो फक्त वर जातो, खाली येत नाही. मग ५०२.९५ ला एक सौदा झाला आणि तुमची ऑर्डर उठली. लक्षात घ्या की सर्वोच्च भाव ५०९.८० असूनही ट्रिगर ५०३.८० ला नव्हे, तर ५०३ ला होता. शेवटचे ८० पैसे पूर्ण टप्पा न झाल्यामुळे मोजलेच गेले नाहीत.

आता ४०० शेअरची ‘५०२ किंवा वर’ अशी विक्रीची लिमिट बुकात आली. खाली ५०२.९० ला १२० शेअरची खरेदी उभी होती, ५०२.५० ला ९० ची आणि ५०२ ला ६० ची. म्हणजे २७० विकले गेले. उरलेले १३० आता ५०२ ला साध्या लिमिट ऑर्डरप्रमाणे उभे राहिले, आणि बाजार ४९८ ला निघून गेला. ज्याला आपण संरक्षण समजत होतो, ती भावाच्या वर अडकलेली विक्रीची ऑर्डर झाली. ॲपने ‘स्टॉप-लॉस ट्रिगर झाला’ असा संदेश दिला, म्हणून माणूस निर्धास्त होतो. स्टॉप ट्रिगर होणे आणि शेअर विकले जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. ट्रिगरनंतर यादीत ऑर्डर `OPEN` दिसत असेल आणि भरलेली संख्या पूर्ण नसेल, तर त्याच क्षणी मर्यादा खाली ओढावी लागते. वाट पाहण्यात अर्थ नसतो.

याला उपाय म्हणून पूर्वी ट्रिगरनंतर मिळेल त्या भावाला विकणारी `SL-M` ऑर्डर सर्रास वापरली जाई. पण पातळ बुकात अशा ऑर्डरी ट्रिगर होऊन भलत्याच भावांना सौदे होऊ लागले, तेव्हा राष्ट्रीय शेअर बाजाराने २७ सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शन्समध्ये ती बंद केली आणि बीएसईने ९ ऑक्टोबर २०२३ पासून ती घेणे थांबवले. त्यामुळे जिथे ती मिळत नाही, तिथे ट्रिगर आणि मर्यादा यांतले अंतर हा तुमचा स्वतंत्र निर्णय झाला आहे. अंतर जास्त ठेवले तर वाईट भावाला विकले जाण्याची तयारी हवी, कमी ठेवले तर न विकले जाण्याची. जिथे एका क्षणात दोन-तीन रुपयांची पोकळी पडते, तिथे वरच्या उदाहरणातले १ रुपयाचे अंतर मला तरी अपुरे वाटते. मी अशा शेअरमध्ये ते अडीच-तीन रुपये ठेवतो आणि तोट्याचा हिशोब ट्रिगरवरून न करता मर्यादेवरून करतो.

ट्रेलिंगचे अंतर किती ठेवावे, याला मी एकच कसोटी लावतो. त्या शेअरच्या पाच मिनिटांच्या शंभरेक कॅन्डल पाहाव्यात आणि कसलीही बातमी नसताना एका कॅन्डलमधला उच्च-नीच फरक साधारण किती असतो, ते बघावे. तो ३ रुपये असेल आणि तुम्ही स्टॉप २ रुपयांवर ओढत असाल, तर भाव वर जात असतानाच्या नेहमीच्या हेलकाव्यात तुम्ही बाहेर पडाल. स्टॉप शेवटच्या सौद्यावर उठतो, त्यामुळे दहा शेअरचा एखादा भरकटलेला सौदाही तुमचे ४०० शेअर विकायला काढू शकतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या खात्यात एक प्रसंग घडला, त्यावरून ब्रोकरला कोणता प्रश्न विचारायचा हे मी शिकलो. ज्या टर्मिनलवर मी ट्रेलिंग स्टॉप लावला होता, त्यात ओढण्याचे काम माझ्या समोरच्या संगणकावरचा प्रोग्रॅम करत होता. दुपारी इंटरनेट गेले. भाव त्यानंतर सात रुपये वर जाऊन परत आला, आणि माझा स्टॉप सकाळच्याच जागी उभा होता. त्यात एक गोष्ट बरी होती : सकाळचा स्टॉप निदान एक्स्चेंजकडे नोंदलेला होता. काही ठिकाणी स्टॉप फक्त ब्रोकरच्या सर्व्हरवर राहतो आणि भाव तिथे पोहोचल्यावरच एक्स्चेंजला ऑर्डर जाते. अशा वेळी सर्व्हर अडखळला तर एक्स्चेंजकडे तुमच्या नावाचे काहीच नसते. म्हणून विचारावे : ‘स्टॉप एक्स्चेंजवर उभा असतो का, आणि तो वर सरकवणारा प्रोग्रॅम कुठे चालतो?’ ऑर्डरच्या तपशिलात एक्स्चेंजचा ऑर्डर क्रमांक दिसत असेल, तर ती तिथे पोहोचली आहे. याशिवाय, नेहमीची स्टॉप-लॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. संध्याकाळी ती रद्द होते, आणि रात्रीच्या बातमीने शेअर सकाळी १५ रुपये खाली उघडला तर कालच्या ट्रेलिंगचा काहीही उपयोग नसतो.

ब्रॅकेट ऑर्डर म्हणजे वरच्या दोन्ही कल्पनांची बांधलेली मोळी : आत शिरण्याची लिमिट ऑर्डर, नफ्याची लिमिट ऑर्डर आणि स्टॉप-लॉस. वरच्याच सौद्यात ५०० ला खरेदी, ५१५ ला नफा, ४९४ ला स्टॉप. खरेदी भरली जाईपर्यंत बाकीच्या दोन एक्स्चेंजकडे जातच नाहीत. म्हणून ५१५ च्या रांगेत तुम्हाला जागा खरेदीनंतरच मिळते. त्यानंतर नफ्याची ऑर्डर उघड्या बुकात रांगेत आणि स्टॉप त्या झाकलेल्या बुकात, अशी दोन ठिकाणी तुमची विक्री एकाच वेळी उभी असते. या दोन ऑर्डरी एकमेकींशी बांधलेल्या आहेत हे एक्स्चेंजला माहीत नसते. एक भरली की दुसरी रद्द करण्याचे काम ब्रोकरचे.

हीच जोडी तुम्ही हाताने लावायला गेलात तर बहुधा अडकाल. तुमच्याकडे शेअर ४०० आणि विक्रीच्या ऑर्डरी ८०० च्या, असे दिसल्यावर ब्रोकरची जोखीम-तपासणी दुसऱ्या ऑर्डरला नवी शॉर्ट विक्री समजते आणि त्यासाठी वेगळे मार्जिन मागते किंवा ती नाकारते. ब्रॅकेटमध्ये तिला नाते माहीत असते, हा त्या प्रकाराचा खरा उपयोग आहे. पूर्वी तोटा बांधलेला आहे या सबबीवर ब्रॅकेटला भरघोस उधारीही मिळे. सेबीचे पीक मार्जिनचे नियम डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊन सप्टेंबर २०२१ मध्ये १०० टक्क्यांवर गेले, तेव्हा ते आकर्षण संपले. कित्येक ब्रोकरांकडे हा प्रकार आता मिळतही नाही.

चुका होतात त्या अर्धवट भरण्यात. भाव ५१५ ला जेमतेम टेकला आणि तुमच्या ४०० पैकी २५० विकले गेले. आता स्टॉपची संख्या ताबडतोब १५० व्हायला हवी. बाजार शांत असेल तर ती क्षणात होते. पण त्याच वेळी जोराची घसरण आली आणि संख्या कमी करण्याचा संदेश पोहोचण्याआधी ४०० चा स्टॉप ट्रिगर झाला, तर तुमचे १५० शेअर विकले जाऊन वर २५० ची शॉर्ट विक्री तुमच्या नावावर पडते. भाव तिथून उसळला तर तो तोटा तुमचा. हे क्वचित घडते, पण घडते ते नेमके गडबडीच्या क्षणी. ब्रॅकेट संपल्याचा संदेश आला तरी पोझिशनच्या पानावर निव्वळ संख्या शून्य आहे का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी उठत नाही.

खरेदीच अर्धवट भरली तर काय, हेही आधी विचारून घ्यावे. ४०० पैकी १५० मिळाले आणि भाव कोसळला, तर काही ठिकाणी त्या १५० ला लगेच स्टॉप लागतो आणि काही ठिकाणी पूर्ण ४०० मिळेपर्यंत काहीच लागत नाही. दुसऱ्या प्रकारात, ज्याच्यासाठी तुम्ही ब्रॅकेट घेतली तेच संरक्षण नसते. तोट्याचा आकडाही ६ रुपये गुणिले ४००, म्हणजे २,४०० इथे थांबत नाही : स्टॉपची मर्यादा ४९३ असेल तर तो २,८०० धरावा, आणि बाजार ४९३ च्या खाली उडी मारून गेला तर त्याहून अधिक.

तुमच्या तीन वर्षांच्या सवयीचा विचार करता, नफ्याची विक्री साध्या लिमिट ऑर्डरनेच चालू ठेवा आणि पहिल्यांदा फक्त स्टॉप-लॉस जोडून पाहा. एकच शेअर घ्या, ट्रिगर चालू भावाच्या अगदी जवळ ठेवा आणि ऑर्डर यादी उघडी ठेवून बसा. ऑर्डर `TRIGGER PENDING` वरून `OPEN` आणि मग `COMPLETE` होताना प्रत्येक टप्प्याची वेळ ऑर्डरच्या तपशिलात तपासा. मग हाच प्रयोग ट्रिगर आणि मर्यादा यांत पाच पैशांचेच अंतर ठेवून, कमी उलाढालीच्या शेअरमध्ये करा; `OPEN` वरच अडकलेली ऑर्डर कशी दिसते, ते एका शेअरच्या किमतीत पाहायला मिळेल.